काना-मात्रा फोडतात गुपित

‘चतासश भादी बाखी.’

वाचून काही बोध होत नाही. आता यातले प्रत्येक व्यंजन वर्णमालेत तीन घरे मागे न्या. ‘च’चा ‘ग’ होईल, ‘त’चा ‘ड’. पुढचे तसेच करत गेलात की निरोप उलगडेल: ‘गडावर पाणी नाही.’

रोमन सेनापती ज्युलिअस सीझर आपल्या पत्रांत अक्षरे अशीच तीन घरे पुढे सरकवत असे, असे त्याचा चरित्रकार सुएटोनियस लिहितो. नववीच्या गणित प्रकल्पासाठी हाच प्रयोग देवनागरीत करून पाहावा, असे मला मनापासून वाटते. कारण आपल्या लिपीत निरोप लपवणे आणि फोडणे या दोन्ही गोष्टी रोमन लिपीपेक्षा वेगळ्या रीतीने घडतात.

आधी लपवण्याची रीत पाहू. ‘क’पासून ‘ळ’पर्यंतच्या 34 व्यंजनांना 0 ते 33 असे क्रमांक द्या. जोडाक्षरे सुटी करा, म्हणजे ‘क्ष’ हा ‘क्’ आणि ‘ष’ होईल. मग प्रत्येक क्रमांकात किल्ली मिळवा. आपली किल्ली 3 आहे. बेरीज 33 च्या पुढे गेली तर तिला 34 ने भागून बाकी घ्या. ‘ह’चा क्रमांक 32. त्यात 3 मिळवले की 35, बाकी 1, म्हणजे ‘ख’. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना हात लावायचा नाही. स्वरही तसेच ठेवायचे.

आता समजा, हा निरोप शत्रूच्या हाती पडला आणि त्याला किल्ली ठाऊक नाही. एकूण 33 किल्ल्या एकेक करून लावून पाहता येतात, पण तेवढे कष्टही लागत नाहीत. शेवटचा शब्द ‘बाखी’. मराठी वाक्याच्या शेवटी दोन अक्षरांचा, पहिल्याला काना आणि दुसऱ्याला दीर्घ वेलांटी असलेला शब्द पाहिला की ‘नाही’ची शंका येतेच. ‘न’चा क्रमांक 19, ‘ब’चा 22, फरक 3. ‘ह’पासून ‘ख’पर्यंत फेरी पूर्ण करून मोजले तरी फरक 3. दोन्ही अक्षरांनी एकच किल्ली सांगितली, म्हणजे अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी. तीच किल्ली उरलेल्या शब्दांना लावली की खात्री पटते.

मग सरकवण्याऐवजी अक्षरांची मनमानी अदलाबदल केली तर? ‘क’ला ‘भ’, ‘ख’ला ‘ल’, कसलाही क्रम नाही. अशा मांडण्यांची संख्या 34 × 33 × 32 असे 1 पर्यंत गुणत गेल्यावर मिळते आणि ती 39 अंकी आहे. एकेक मांडणी तपासणे माणसाच्या आवाक्यातले नाही. तरीही हे कुलूप उघडते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने त्याची युक्ती लिहून ठेवली: गुप्त मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजा आणि त्याच भाषेतल्या साध्या मजकुराशी ताडून पाहा. नववीच्या सांख्यिकीतली ताळ्याच्या खुणा आणि वारंवारता सारणी इथे थेट कामाला येते. मराठीत ‘त’, ‘र’, ‘न’ सारखी व्यंजने सारखी भेटतात, तर ‘ङ’, ‘ञ’ क्वचित.

मात्र मोजणीला भरपूर मजकूर लागतो. आपल्या गडाच्या निरोपात आठ व्यंजने आहेत आणि आठही वेगवेगळी; तिथे वारंवारता काही सांगू शकत नाही. दोन-तीन पानांचा मजकूर घेतला तर सारणी बोलू लागते.

शिवाय मराठीत आणखी एक फट राहते, तीच मला सर्वांत रंजक वाटते. स्वर उघडे राहिल्यामुळे ‘आहे’ हा शब्द ‘आ’ आणि एखादे एकार असलेले व्यंजन असा दिसतो, आणि तो वाक्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतो. तसा ‘आले’ही असू शकतो. म्हणून पडताळा घ्या: तेच गुप्त व्यंजन काना, दीर्घ वेलांटी आणि मात्रा लावून एकाक्षरी शब्द म्हणून सुटेही दिसते का? दिसले, तर ते ‘हा, ही, हे’ आहेत आणि ‘ह’ सापडला. ‘आ’नंतर ऱ्हस्व वेलांटीचे व्यंजन वाक्याच्या मध्ये वारंवार आले, तर बहुधा ‘आणि’. म्हणजे ‘ण’ही हाती लागला.

ही फट बुजवायची तर स्वरचिन्हांचीही अदलाबदल करावी लागते आणि शब्दांमधली जागा काढून टाकावी लागते. मग ‘आहे’ कुठे सुरू होतो तेच कळत नाही आणि फोडणाऱ्याला पुन्हा मोजणीवर यावे लागते.

प्रकल्प करणाऱ्यांना एक विनंती: एकच मजकूर दोन्ही प्रकारे लपवून, जागा ठेवून आणि जागा काढून, दोन वेगळ्या मित्रांना फोडायला द्या. कोणाला किती वेळ लागला आणि कोणते अंदाज चुकले, ते सारणीशेजारी वहीत नोंदवा.