सिंहली मित्रास नववर्षाचे अभीष्टचिंतन

सिंहलद्वीपांत, म्हणजे श्रीलंकेंत, एप्रिलच्या १३ किंवा १४ तारखेस सूर्य मीन राशींतून मेषेंत जातो व नवें वर्ष लागतें. त्या दिवशीं मित्रास म्हणावयाचें तें असें: "सुभ अलुत् अवुरुद्दक् वेवा." 'सुभ' हें आपलें 'शुभ'च, 'अलुत्' म्हणजे नवें, 'अवुरुद्दक्' म्हणजे एक वर्ष व 'वेवा' म्हणजे होवो.

परंतु हींच अक्षरें १ जानेवारीसही चालतात. म्हणून आम्ही पुढें एक वाक्य जोडतों: "कॅवुम् कोकिस् कन्न एन्न", म्हणजे कॅवुम् व कोकिस् खावयास या. एवढ्यानें एप्रिलचा सण तेव्हांच ओळखूं येतो.

कॅवुम् हें तांदुळाचें पीठ व काकवी कालवून खोबरेल तेलांत तळलेलें पक्वान्न होय. त्याच्या एका प्रकारास तळतांना मध्यें काडी फिरवून अंबाडा आणितात. कोकिस् तांदुळाचें पीठ व नारळाचें दूध यांचें. तापलेला सांचा पिठांत बुडवून तेलांत धरितात.  नांव मात्र डच लोकांपासून आलेलें. संक्रमणाच्या कांहीं घटका चूल पेटवीत नाहींत. म्हणून हीं पक्वान्नें आधींच सिद्ध असतात.

उत्तर नेहमींचें: "ओबटत् एसेम वेवा", म्हणजे तुम्हांसही तसेंच होवो. 'ओबट' म्हणजे तुम्हांस. शेवटचा 'त्' हा आपला 'ही'. सलगीचा मित्र 'ओबटत्' ऐवजीं 'ओयाटत्' म्हणेल.