पाऊण तास उशीर आणि पाच दऱ्या

सेवा गुणवत्तेच्या मॉडेलवर उत्तर लिहिताना मुलांचे मार्क बहुतेक एकाच ठिकाणी जातात. पाचही गॅपची नावं पाठ असतात, पण प्रश्नात सलूनची किंवा बँकेची एखादी घटना देऊन ‘हा कोणता गॅप?’ असं विचारलं की पेन थांबतं. कारण ग्राहकाची तक्रार नेहमी सारखीच दिसते. तिच्यामागे दरी कुठे पडली आहे, ते शोधावं लागतं. म्हणून मी वर्गात पाच गॅपना पाच वेगळी उदाहरणं देत नाही. एकच तक्रार घेतो आणि तीच चार वेगवेगळ्या कारणांनी कशी घडते ते दाखवतो.

आधी मूळ चित्र डोळ्यांसमोर आणा. ए. परशुरामन, व्हॅलरी झाइथॅमल आणि लिओनार्ड बेरी या तिघांनी 1985 मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये हे मॉडेल मांडलं. त्यासाठी त्यांनी बँक, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती या चार सेवांमधल्या अधिकाऱ्यांशी आणि ग्राहकांशी चर्चा केल्या होत्या. आकृतीच्या मधोमध एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर ग्राहक आणि खाली सेवा देणारा. वरच्या भागात दोन चौकटी महत्त्वाच्या: अपेक्षित सेवा आणि अनुभवलेली सेवा. अपेक्षा तयार होते ती लोकांकडून ऐकलेल्या गोष्टींतून, स्वतःच्या गरजेतून आणि मागच्या अनुभवातून. या दोन चौकटींमधलं अंतर म्हणजे गॅप 5. ग्राहकाला प्रत्यक्ष जाणवतो तो एवढाच. बाकीचे चार त्याला दिसत नाहीत, पण गॅप 5 त्यांच्यामुळेच पडतो.

आता आकुर्डीत, स्टेशनकडून प्राधिकरणात जाताना लागणारं एक सलून कल्पनेत उभं करा. तीन खुर्च्या, तीन कारागीर, गल्ल्यावर मालक. समोर अपॉइंटमेंटची वही. शनिवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ घेऊन एक ताई हेअरकटला येतात. चाकणच्या कंपनीत आठवडाभर काम, आज सुट्टी, आणि आठ वाजता निगडीला हळदीला पोहोचायचंय. खुर्ची मिळते सव्वासातला. केस सुरेख कापले जातात, तरी ताई रागावून बाहेर पडतात. गॅप 5 इथे पडला. तो का पडला?

पहिली शक्यता. मालकाला वाटतं की ग्राहकाला सलूनमध्ये आराम हवा असतो. म्हणून त्याने नवा सोफा घेतला, एसी लावला, कॉफीचं मशिन आणलं. थांबावं लागलं तरी सोफ्यावर बरं वाटेल, असा त्याचा हिशेब. ताईंना सोफा नकोच होता, त्यांना वेळ हवी होती. मालकाने हे कधी विचारलं नाही, आणि वाट बघणाऱ्यांची कुरकुर रोज ऐकणाऱ्या कारागिरांनीही त्याच्यापर्यंत पोहोचवली नाही. ग्राहकाची अपेक्षा आणि मालकाला वाटणारी अपेक्षा यांतलं हे अंतर म्हणजे गॅप 1. खूण सोपी आहे: मालक पैसे खर्च करतोय, पण चुकीच्या गोष्टीवर.

दुसऱ्या शक्यतेपाशी थोडं थांबू या, कारण गॅप 2 आणि गॅप 3 यांतच सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा, मालकाला पक्कं ठाऊक आहे की लोकांना वेळ महत्त्वाची आहे. म्हणूनच तर त्याने वही ठेवली. पण वहीत प्रत्येक कामाला सरसकट 45 मिनिटांचा रकाना आखलाय. ताईंच्या आधी त्याच खुर्चीवर पावणेसहाला एका गृहस्थांचा हेअर कलर होता. कलर लावायला 25 मिनिटं, तो केसांवर ठेवायला 35, मग धुऊन, वाळवून, सेट करायला 25. झाली 85 मिनिटं, म्हणजे सात वाजून दहा. खुर्ची झाडून, टॉवेल बदलून ताईंना बसवलं तेव्हा सव्वासात. कारागीर कुठे रेंगाळला नाही, गप्पा मारत बसला नाही, तरी पाऊण तास उशीर झाला. चूक वहीतच लिहिलेली होती. समज बरोबर, पण त्या समजेचं नियमात, मापात, वेळापत्रकात रूपांतर चुकीचं, हा गॅप 2. नियमच केलेला नसेल, सगळं ‘बघू, होईल’वर सोडलं असेल, तरी तो गॅप 2च.

आता वही दुरुस्त करा. कलरला 90 मिनिटं, कटला 45, आणि भिंतीवर नियम: अपॉइंटमेंट असलेल्याला आधी खुर्ची. तरीही शनिवारी सहा वीसला कारागिराच्या ओळखीचे एक काका आले, ‘फक्त दाढी रे’ म्हणाले आणि बसले. दाढीनंतर मसाज झाला. किंवा तिघांपैकी एक कारागीर न सांगता गावी गेला आणि दोन खुर्च्यांवर तिघांचं काम आलं. नियम योग्य होता, पाळला गेला नाही. हा गॅप 3. नवा कारागीर नीट शिकवलेला नसणं, मालक एक सांगतो आणि ग्राहक दुसरं मागतो अशा कात्रीत माणूस सापडणं, ही याची कारणं. कधी ग्राहकही कारण असतो: आधीची व्यक्ती वीस मिनिटं उशिरा आली, की पुढच्या सगळ्यांची वेळ सरकते. उत्तरात हा मुद्दा लिहा, फार थोडे लिहितात.

दोन्हींतला फरक ओळखायला एकच प्रश्न विचारा: सगळ्यांनी नियम तंतोतंत पाळला असता, तर ताईंना वेळेवर खुर्ची मिळाली असती का? ‘नाही’ असेल तर गॅप 2, ‘हो’ असेल तर गॅप 3.

गॅप 4 साठी घटना जराशी बदलावी लागते. नियमाप्रमाणे दहा मिनिटांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि ताई दहाच मिनिटं थांबल्या. पण दाराबाहेरच्या फ्लेक्सवर लिहिलं होतं, ‘एक मिनिटही थांबू नका’. सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली, वचनच तिच्यापेक्षा मोठं होतं. फ्लेक्सचा मजकूर ठरवताना कारागिरांना कुणी विचारलंच नाही.

आकडेमोडीचा प्रश्न आला तर तो गॅप 5 वर येतो. याच तिघांनी 1988 मध्ये सर्व्हक्वाल ही 22 विधानांची प्रश्नावली दिली. प्रत्येक विधानाला 1 ते 7 गुण, एकदा अपेक्षेचे आणि एकदा अनुभवाचे. अनुभवातून अपेक्षा वजा करायची. वेळ पाळण्याबद्दल ताईंची अपेक्षा 7 आणि अनुभव 3 असेल, तर उत्तर उणे 4. हे चिन्ह उलटं लिहिलं की अर्थच उलटा होतो. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा: उणे 4 वरून दरी किती मोठी ते कळतं, ती वहीमुळे पडली की काकांमुळे, ते कळत नाही. त्यासाठी वही उघडावी लागते, कारागिरांशी बोलावं लागतं.

म्हणून पेपरात गॅप 5 साठी वेगळा उपाय लिहू नका, तसा उपाय नाही. आधीच्या चारांपैकी कोणता आहे ते सांगा आणि त्याचा उपाय लिहा.