दादीचा एक ‘हौ’

कादंबरीतली सोलापूरची दादी बोलू लागली, की आम्ही तिची अख्खी दखनी कागदावर उतरवत असू: “हौ बेटा, मेरेकू नक्को, तू खा ले.” पानभर असंच चाललं की वाचणारा अडखळतो आणि दादीची नक्कल केल्यासारखी वाटते. मग वाक्य मराठीत आणलं: “मला नक्को बेटा, तू खा.” एक ‘नक्को’ पुरला. ‘हौ’ मात्र राखून ठेवला. नातीच्या स्थळाला ती होकार देते, तेव्हाच तो येतो. ‘उद्गारली’, ‘पुटपुटली’ही काढून टाकलं. दोघीच बोलत असतील तर दर ओळीला ‘म्हणाली’सुद्धा नको, दादीने पानदान पुढे ओढलं, एवढ्यावर कोण बोलतंय ते कळतं.