टिंब आधी पुसा, मग मोजून द्या

अस्तराच्या कापडाचा दर मीटरला ८७ रुपये ५० पैसे आणि शिंप्याने सांगितलेय २.४ मीटर. पैसे किती द्यायचे? सहावीतल्या मुलाला हे गणित घातले की तो बहुधा आधी टिंबाखाली टिंब मांडायला जातो, कारण बेरीज-वजाबाकीत तसेच करावे लागते. गुणाकारात ही कसरत लागत नाही. दोन्ही टिंबे पुसायची आणि २४ ला ८७५० ने सरळ गुणायचे. उत्तर २,१०,०००.

आता पुसलेल्या टिंबांचा हिशेब. २.४ मध्ये टिंबानंतर एक अंक आहे, ८७.५० मध्ये दोन. एक आणि दोन मिळून तीन. उत्तराच्या उजवीकडून तीन अंक मोजायचे आणि त्यांच्या आधी टिंब द्यायचे: २१०.०००. कापडाचे झाले २१० रुपये.

ही जादू नव्हे. ८७.५० मधले टिंब पुसले तेव्हा रुपयांचे पैसे झाले, म्हणजे आकडा शंभरपट फुगला. २.४ मधले पुसले तेव्हा कापड २.४ ऐवजी २४ मीटर झाले, म्हणजे दहापट फुगले. दहापट आणि शंभरपट एकत्र आले की उत्तर हजारपट फुगणारच. म्हणून शेवटी हजाराने भागायचे, आणि टिंब डावीकडे तीन घरे सरकवणे म्हणजे तेच. आपण टिंबानंतरचे अंक मोजतो तेव्हा खरे तर दहाने किती वेळा गुणले होते, ते मोजत असतो.

ब्रूज शहरात जन्मलेल्या सायमन स्टेविनने १५८५ साली दशांशांवर डच भाषेत एक छोटी पुस्तिका काढली, त्यात ही मोजणी उघड दिसते. पुस्तिका पंडितांपुरती नव्हती. जमीन मोजणारे, दारूची पिंपे मापणारे, टांकसाळीतले अधिकारी यांच्यासाठीही ती होती. स्टेविन टिंब देतच नसे. पूर्णांकाजवळ वर्तुळात ०, दशांशाच्या अंकाजवळ वर्तुळात १, शतांशाजवळ २, अशी त्याची खूण. गुणाकारासाठी त्याने ३२.५७ आणि ८९.४६ घेतले. पूर्णांकांसारखे गुणून २९१३७१२२ आले. दोन्ही संख्यांच्या शेवटच्या अंकांजवळ २ होते, त्यांची बेरीज ४. म्हणून उत्तराच्या शेवटच्या अंकाला ४ ची खूण. आजच्या लिखाणात २९१३.७१२२.

रीत सोपी आहे, पण शून्ये दगा देतात. कापडाच्या गणितात २,१०,००० आल्यावर एखाद्याला वाटते, शेवटची शून्ये तशीही बिनकामाची, आधी उडवू. उरतात २१. मग तीन घरे मोजली की उत्तर ०.०२१ रुपये, म्हणजे अख्खे अस्तर दोन पैशांत! शून्ये उडवायची असतील तर टिंब दिल्यावर, आणि तीही टिंबाच्या उजवीकडची, शेवटाची.

उलट अडचण अंक कमी पडल्यावर येते. ०.०३ × ०.२ करताना ३ गुणिले २ म्हणजे ६. घरे मात्र तीन हवीत आणि हाताशी अंक एकच. तेव्हा डावीकडे शून्ये भरायची: ०.००६. इथे ०.६ लिहिणारी मुले बरीच असतात. त्यांना एवढेच विचारावे, की ०.०३ चा पाचवा हिस्सा ०.०३ पेक्षा मोठा कसा होईल?

असा अंदाज प्रत्येक वेळी घ्यावा, कारण टिंब एक घर चुकले की उत्तर थेट दहापट चुकते आणि अंदाजात ते लगेच उघडे पडते. जुन्या शाळेत अडीचकी पाठ केलेल्या आजोबांना हे सांगावे लागत नाही. अडीच मीटर, दर ८८ च्या आसपास, म्हणजे २२० च्या थोडे खाली. २१ रुपये किंवा २१०० रुपये त्यांच्यासमोर टिकणारच नाहीत. अर्थात, मूळ गुणाकारात हातचा विसरून २१० चे २०८ झाले, तर ते मात्र अंदाजात सापडणार नाही. तिथे पुन्हा गुणून पाहावे.

एक गोष्ट मात्र घरे मोजून कळत नाही. फितीने १२.४ मीटर लांब आणि ८.७ मीटर रुंद मोजलेल्या अंगणाचे क्षेत्रफळ या रीतीने १०७.८८ चौरस मीटर येते. मोजमाप दहा सेंटिमीटरपर्यंतच केलेले असेल तर खरी लांबी १२.३५ ते १२.४५ आणि रुंदी ८.६५ ते ८.७५ मध्ये कुठेही असू शकते. तेव्हा क्षेत्रफळ १०६.८ पासून १०८.९ पर्यंत काहीही निघेल. गुणाकार बिनचूक आहे, पण टिंबानंतरच्या ८८ ला आधार नाही. फरशीवाल्याला सांगताना १०८ चौरस मीटर म्हणावे, तेही 'सुमारे' लावून.