अर्ध्या इंचात अर्धा इंच कुठेच नाही

नळदुरुस्तीच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा जीआय निपल आणावा आणि त्याच्या आट्यांवर व्हर्नियर लावावा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, पण व्हर्नियर साडेवीस ते एकवीस मिलिमीटरच्या आसपास काहीतरी दाखवतो. शिवाय जबडा थोडा मागेपुढे सरकवला की आकडा बदलतो. आतून मोजावे, तर मध्यम जाडीच्या पाइपचे भोकही सुमारे १६ मिलिमीटर भरते. अर्धा इंच कुठेच सापडत नाही. दुकानदार त्याच पाइपला ‘पंधरा एमएम’ म्हणतो, पण पंधराही त्यात कुठे नाहीत.

जुन्या लोखंडी पाइपांच्या भिंती जाड असत आणि भोक खरोखरच अर्ध्या इंचाच्या जवळपास असे. पुढे पोलाद सुधारले, भिंती पातळ झाल्या. बाहेरचा व्यास मात्र बदलणे शक्य नव्हते, कारण जगभरचे सॉकेट, एल्बो आणि आटे पाडायच्या डाय त्या व्यासाला बांधलेल्या होत्या. त्यामुळे पातळ झालेली जाडी भोकाने घेतली आणि नाव जुनेच चालू राहिले. आज हे नाव माप सांगत नाही, तक्त्यातली ओळ सांगते. हिशेबाची पहिली पायरी म्हणूनच गणिताची नाही, तक्ता उघडण्याची आहे.

भारतात पाण्याच्या पाइपवर ब्रिटिश पद्धतीचे निमुळते आटे पडतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेला ५५ अंशांचा आटा, आणि तोच शंकूच्या उतारावर कापलेला. भारतीय मानक आयएस ५५४ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ७ यांच्या तक्त्यांत अर्ध्या इंचासमोर इंचाला १४ आटे आणि २०.९५५ मिलिमीटर हा बाहेरचा व्यास दिलेला आहे. बाहेरचा व्यास म्हणजे आट्यांच्या माथ्यावरून घेतलेले माप.

इथेच बहुतेकांची फसगत होते. निमुळत्या आट्याचा व्यास टोकाला सर्वांत कमी असतो आणि मागे जावे तसा वाढत जातो. मग तक्त्यातला २०.९५५ कोणत्या जागेचा? तो गेजच्या पातळीवरचा आहे. ही पातळी पाइपच्या टोकापासून किती आत आहे, ते त्याच ओळीत लिहिलेले असते: अर्ध्या इंचाला ८.२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार आटे. मानकाच्या रिंग गेजमध्ये पाइप हाताने फिरवला, तर साधारण इथपर्यंत जाऊन तो घट्ट बसायला हवा. एक आटा, म्हणजे १.८ मिलिमीटर, पुढेमागे झाला तरी चालतो.

उतार एकास सोळा, आणि तो व्यासावर मोजलेला. लांबीत १६ मिलिमीटर सरकले की व्यास १ मिलिमीटरने बदलतो. यावरून टोकाचा व्यास काढता येतो:

२०.९५५ − (८.२ ÷ १६) = २०.४४ मिलिमीटर

आता उपयोगी आट्यांची लांबी. हाताने बसणारे ८.२ मिलिमीटर पुरेसे नाहीत. पाना लावून आणखी आवळायचे असते, आणि समोरचा सॉकेट किंचित मोठा निघाला तरी पाइपवर आटे शिल्लक राहायला हवेत. त्यासाठी मानक आणखी ५ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन आटे, राखून ठेवते. ८.२ आणि ५ मिळून १३.२ मिलिमीटर. ही कमीत कमी उपयोगी लांबी. तिच्यापुढे डायच्या तोंडाशी जे अर्धवट, उथळ होत गेलेले ओरखडे दिसतात, ते या लांबीत धरायचे नाहीत. म्हणूनच प्रत्यक्ष पाइपवर आट्यांचा पट्टा तक्त्यापेक्षा लांब दिसतो.

उत्तर बरोबर आहे का, हे तपासायची सोय पाइपमध्येच आहे. गेजच्या पातळीपासून ५ मिलिमीटर मागे गेले की व्यास ५ भागिले १६ इतका वाढतो आणि २१.२७ होतो. अर्ध्या इंचाच्या पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ च्या आसपास असतो. म्हणजे उपयोगी आटे संपतात तिथेच आट्यांचा माथा पाइपच्या मूळ पृष्ठभागाला भिडतो.

हे आकडे एका मापावरून दुसऱ्या मापावर ताणता येत नाहीत. एक इंचाच्या पाइपला व्यास ३३.२४९, आटे इंचाला ११ आणि उपयोगी लांबी १६.८ मिलिमीटर आहे. माप दुप्पट झाले, पण व्यास दुप्पट झाला नाही आणि लांबी तर जेमतेम सव्वापट झाली.

एखाद्या लेथवाल्याकडे ड्रॉइंग येते, त्यात पाइपच्या टोकालाच २०.९५५ लिहिलेले असते. कारागीर इमानेइतबारे तसेच कापतो. सुटा भाग देखणा दिसतो, पण सॉकेटमध्ये शिरत नाही. अर्धा मिलिमीटर जास्तीचा व्यास फारसा वाटत नाही, पण एकास सोळाच्या उतारावर त्याची किंमत पूर्ण ८.२ मिलिमीटर आहे. हाताने जे साडेचार आटे बसायचे, ते सगळे त्यात गेले. उतारातही असाच घोळ होतो. एकास सोळा व्यासावर आहे, म्हणजे एका बाजूला एकास बत्तीस, कोनात सांगायचे तर १ अंश ४७ मिनिटे. कोणी प्रत्येक बाजूलाच एकास सोळा लावला, तर शंकू दुप्पट तीव्र होतो आणि सॉकेटला फक्त एखाददुसऱ्या आट्यावर पकडतो. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी असा जोड गळतो.

अमेरिकेत मात्र तक्त्याच्या मागे सूत्र आहे. फिलाडेल्फियातल्या पास्कल आयर्न वर्क्सचे रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८६२ च्या सुमारास ते बसवले आणि आजच्या एनपीटी आट्याचा पाया तेच आहे. तिथेही आधी तक्त्यातून पाइपचा बाहेरचा व्यास घ्यावा लागतो. अर्ध्या इंचाला तो ०.८४० इंच आहे. त्याची ०.८ पट म्हणजे ०.६७२. त्यात ६.८ मिळवले की ७.४७२. याला इंचातल्या १४ आट्यांनी भागले की परिणामकारक लांबी ०.५३४ इंच, म्हणजे १३.५६ मिलिमीटर येते. यातल्या शेवटच्या दोन आट्यांचे माथे पूर्ण भरत नाहीत, कारण तिथे कापायला पाइपचे लोखंडच उरत नाही. ते दोन सोडले की ९.९३ मिलिमीटर राहतात. तिथे आट्यांचा बाहेरचा व्यास पाइपइतकाच, म्हणजे २१.३४ मिलिमीटर असतो. तिथून टोकापर्यंत उतार मोजत आले की २०.७२ मिळतात.

ब्रिटिश आट्याच्या टोकाला २०.४४ होते. फरक पाव मिलिमीटरहून थोडा जास्त, आटे दोन्हीकडे इंचाला १४, उतारही एकच. त्यामुळे परदेशी यंत्राबरोबर आलेला अर्ध्या इंचाचा एनपीटी निपल इथल्या सॉकेटमध्ये दोनचार फेरे आरामात घेतो आणि बसला असे वाटते. पण त्याच्या आट्याचा कोन ६० अंशांचा आहे, ५५ चा नाही. बाजू पूर्ण टेकत नाहीत आणि आट्याच्या वळणावळणाने पाणी झिरपत राहते. पाऊण इंचातही हीच गत, कारण तिथेही दोन्हीकडे १४ आटे आहेत. एक इंचापासून मात्र ओळखणे सोपे जाते. ब्रिटिश ११ आणि अमेरिकी साडेअकरा, त्यामुळे थोड्याच फेऱ्यांत आटे एकमेकांत अडकतात. लहान मापांत पिच गेज लावूनही फरक आट्यांच्या संख्येत दिसत नाही. गेजची पाती आट्यात बसवून उजेडाकडे धरावी लागतात आणि ५५ ची फट सोडते की ६० ची, ते पाहावे लागते.