खेकडा भजी आणि सात-आठचा डाव

जुलैतला रविवार, बाहेर धो-धो पाऊस, आणि दोघांनी ठरवलेला सिनेमा वाहतुकीने बुडवलेला. अशा वेळी घरातच डेट करायची, तर बेत फार मोठा नसावा. चार पदार्थ मांडले की एक जण संध्याकाळभर गॅसपाशी अडकतो आणि दुसरा मोबाइल बघत बसतो. एक तळण, चहा आणि दोघांचाच पत्त्यांचा डाव पुरे.

तळणात खेकडा भजी उत्तम, कारण त्यात दोघांनाही काम मिळतं. तीन मध्यम कांदे उभे, पातळ चिरायचे आणि पाकळ्या हाताने मोकळ्या करायच्या. मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवले की कांद्याला पाणी सुटतं. त्याच पाण्यात तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर, चमचाभर तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढंच बेसन, साधारण पाऊण वाटी. वरून पाणी घातलं की खेकडे संपले; मऊ गोळे हाती येतात. पिठाचा थेंब तेलात टाकून पाहावा. तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे. लगेच बुडबुडे येत वर आला तर घाणा सोडावा. क्षणात काळपटला तर आच कमी करावी, नाहीतर भजी आतून कच्ची राहतात.

भजी ताटात ढीग करून ठेवू नयेत. वाफेने खालची लगेच मऊ पडतात. एकाने तळावीत, दुसऱ्याने गवती चहा घालून आधण ठेवावं, आणि ओट्याशी उभ्यानेच पहिला घाणा संपवावा. पत्ते मात्र हात धुतल्यावरच.

दोघांसाठी ‘सात-आठ’ हा खास डाव. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची २८ पानं, शिवाय बदाम आणि इस्पिकची सत्ती, अशी ३० पानं घ्यायची. वाटणाऱ्याने सात हात करायचे, समोरच्याने आठ. म्हणून पहिली पाच पानं पाहून हुकूम तोच बोलतो. उरलेली सगळी पानं हातात घेतली, तर समोरच्याकडे काय आहे ते आपोआप कळतं आणि मजा जाते. त्यापेक्षा प्रत्येकासमोर पाच पालथी आणि त्यांवर पाच उताणी मांडावीत. वरचं पान खेळलं की खालचं उलटायचं. ऐन वेळी खालून हुकमाचा एक्का निघाला, की ठरलेला हिशेब कोलमडतो.

जास्त हात केले, तर पुढच्या डावात तेवढी पानं समोरच्याकडून न बघता ओढायची आणि आपली नकोशी द्यायची. त्यामुळे एका डावावर कुणी उठत नाही.

पैज लावायचीच, तर भांड्यांची लावावी. हरणाऱ्याने कढई तेल निवल्यावरच उचलावी आणि तेल गाळून ठेवावं. दोन-चार दिवसांत ते फोडणीला संपवता येतं.