मनगटावरचे ठोके आणि पावलं

पन्नाशीच्या आसपास डॉक्टर ‘रोज चाला’ म्हणतात आणि आठवडाभरात घरात चर्चा सुरू होते: बँड घ्यायचा की स्मार्टवॉच? दुकानात गेल्यावर गोंधळ आणखी वाढतो. दोन हजारांचं मोठ्या चौकोनी पडद्याचं ‘स्मार्टवॉच’ तिथे असतं, तेवढ्याच किमतीचा अरुंद बँड असतो आणि पलीकडच्या काचेत पंचवीस-तीस हजारांची घड्याळं असतात. यातली पहिली दोन बहुतेक वेळा आतून सारखीच असतात. मोठा पडदा आणि ब्लूटूथवरून बोलण्याची सोय सोडली, तर पावलं आणि ठोके मोजण्याची त्यांची पद्धत एकच.

पावलं मोजण्याचं काम हालचाल टिपणारा एक इवलासा सेन्सर करतो. चालताना हात ठरावीक लयीत पुढे-मागे होतो आणि त्या लयीवरून यंत्र पावलांचा हिशेब लावतं. थोडक्यात, ते पाय मोजत नाही, हात मोजतं. म्हणून हात पाठीमागे बांधून बागेत फेऱ्या मारणाऱ्या आजोबांची, भाजीची जड पिशवी धरून येणाऱ्या काकूंची किंवा छत्री घेऊन चालणाऱ्याची पावलं कमी भरतात. उलट, खड्ड्यांतून स्कूटर चालवल्यावर न चाललेली पावलंही जमा होतात. एकटदुकट हालचाल मोजली जाऊ नये म्हणून सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजणी सुरूच होणार नाही, अशी व्यवस्था बहुतेक बँडमध्ये असते. त्यामुळे घरातल्या घरात चार पावलं इकडे, चार तिकडे झाली, तर ती हिशेबात येत नाहीत.

एवढी चूक चालण्याच्या व्यायामाला खपते. कालच्यापेक्षा आज किती, एवढंच बघायचं असतं आणि रोज तेच यंत्र त्याच हातावर असलं की तुलना बरोबर राहते. दहा हजारांच्या आकड्याचाही फार धसका घेऊ नये. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजण्याचं यंत्र विक्रीला आलं, तिथून हा आकडा रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसला आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर फायदा वाढायचा थांबला.

खरी गुंतागुंत ठोक्यांची आहे.

बँडच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा प्रकाश तेवढाच कमी होतो आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. माणूस स्वस्थ बसलेला असताना ही मोजणी चांगली जमते. पण चालताना प्रत्येक पावलाबरोबर बँड कातडीवर किंचित सरकतो आणि प्रकाशात दुसराच एक चढउतार मिसळतो. बँड सैल असेल, तर हा दुसरा चढउतार पहिल्यापेक्षा ठळक होतो. मग यंत्र ठोक्यांऐवजी पावलांचा वेग पकडून बसतं.

समजा, ५२ वर्षांच्या एक बाई मिनिटाला ११२ पावलांच्या गतीने चालताहेत. २२० मधून वय वजा करण्याच्या ढोबळ नियमाने त्यांच्या ठोक्यांची कमाल मर्यादा १६८ येते. मध्यम व्यायामाचा टप्पा त्याच्या ६४ ते ७६ टक्के धरतात, म्हणजे १०८ ते १२८. बँडवर ११२ दिसतं आणि त्या समाधानाने घरी येतात. पण भरभर चालणाऱ्या मध्यमवयीन माणसाच्या पावलांचा वेग आणि त्याला हवे असलेले ठोके हे दोन्ही आकडे नेमके एकाच पट्ट्यात येतात, म्हणून ही चूक डोळ्यांना दिसतच नाही. या बाई रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोलसारखी गोळी घेत असतील, तर ती गोळी ठोके वाढू देत नाही. त्यांचे खरे ठोके ९० सुद्धा असू शकतात. अशांनी २२० चा हिशेब बाजूला ठेवावा आणि आपल्यासाठी किती ठोके योग्य, हे डॉक्टरांना विचारावं.

चूक ओळखायला मात्र पैसे लागत नाहीत. चालता चालता थांबावं आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवून लगेच १५ सेकंद नाडी मोजावी. येईल त्याला चाराने गुणावं. बाईंना २३ ठोके मिळाले, म्हणजे मिनिटाला ९२. बँड ११२ म्हणत होता. पाच-सहाचा फरक असता तर तो मोजणीतला म्हणून सोडून देता आला असता, वीसचा सोडता येत नाही. आणखी एक खूण आहे. पावलं मंद केल्याबरोबर बँडवरचा आकडाही तितकाच खाली आला, तर शंका घ्यावी. हृदय इतकं चटकन शांत होत नाही.

उपाय साधा आहे. चालायला निघताना बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवावा आणि हलणार नाही इतपत घट्ट करावा. रक्त अडेल इतका आवळू नये आणि घरी आल्यावर सैल करावा. दुसरं, ‘वॉकिंग’ मोड सुरू करावा. एरवी बॅटरी वाचवण्यासाठी बरेच बँड पाच-दहा मिनिटांतून एकदाच ठोके बघतात. अर्ध्या तासाच्या चालण्यात मग मोजक्याच नोंदी मिळतात आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

महागडं घड्याळ घ्यावं ते वेगळ्या कारणासाठी. त्यातल्या काहींमध्ये ईसीजीची सोय असते. एका हातावर घड्याळ आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या कडेवर टेकवलं की अर्ध्या मिनिटाची विद्युत नोंद होते. मधूनच छाती धडधडते, ठोका चुकल्यासारखं वाटतं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं थांबलेलं असतं, अशा माणसाला त्या क्षणाची नोंद हाती असणं मोलाचं ठरतं. अनियमित ठोके पकडायला ती उपयोगी आहे, हृदयविकाराचा झटका मात्र तिला ओळखता येत नाही. ही तक्रार नसलेल्या, रोज पाऊण तास चालणाऱ्या माणसाला दोन-अडीच हजारांचा बँड पुरतो. आठवडा-दीड आठवडा चार्ज करावा लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू, कारण रोज चार्जिंगला काढून ठेवलेलं घड्याळ बऱ्याचदा टेबलावरच राहून जातं.

सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ कुणी विकत असेल, तर ते घेऊ नये. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल लोकांना सावध केलं होतं, कारण अशा एकाही यंत्राला त्यांनी मान्यता दिली नव्हती. मधुमेह्याने त्या आकड्यावरून इन्शुलिन घेतलं, तर जिवावर बेतू शकतं. आणि चालताना छातीत दाटून आलं, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर मनगटावरचा आकडा कितीही चांगला दिसत असला तरी तिथेच बसावं, सोबतच्याला सांगावं आणि १०८ ला फोन करावा.